रिंग लावली आन् डाग पडायला लागले: काढायच्या आधी कॅलेंडर बघा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाळंतपणाच्या दवाखान्यात सिस्टर आहे. दिवस राहू नयेत म्हणून रिंग किंवा पॅच वापरणाऱ्या बाया आमच्याकडे फार नाहीत, कारण सरकारी योजनेत तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया, माला-एन आणि निरोध मिळतो, रिंग-पॅच नाही. रिंग लागली तर नागपूर-अमरावतीच्या मोठ्या मेडिकलमधून मागवावी लागते, पॅच तर त्याहून दुर्मिळ, ज्या एक-दोघींकडे पाहिला त्यांच्या बाहेरदेशी असलेल्या नातेवाइकांनी आणून दिलेला. पण ज्या वापरतात त्या जवळजवळ सगळ्या पहिल्या दोन महिन्यांत एकच गोष्ट घेऊन येतात. "सिस्टर, मले मधातच डाग लागून राह्यले जी, हे आतमधी सडली तर नाही ना?"

नाही सडली. पण तो डाग कशाचा आहे हे ठरवायची एक रीत आहे, आणि ती रीत माहीत नसली की बाई घाबरून रिंग ओढून काढते, मग खरंच जास्त रक्त जातं, वर दिवस राहायची भीती वेगळीच. म्हणून हे नव्या बायांसाठी, ज्यांनी नुकतीच रिंग किंवा पॅच सुरू केलाय त्यांच्यासाठी लिहितेय. रिंगबद्दल जास्त लिहीन, पॅचचं शेवटाकडे थोडक्यात.

आधी हे समजून घ्या की डाग पडतातच का

रिंग म्हणजे पारदर्शक, मऊ, लवचिक प्लास्टिकचं कडं, साधारण साडेपाच सेंटिमीटर रुंद, लहान पोरीच्या बांगडीएवढं धरा. दाबून योनीमार्गात आत सरकवायचं, तीन आठवडे आतच ठेवायचं, मग काढायचं, एक आठवडा मोकळा, मग नवीन. त्यातून दोन हार्मोन थोडे थोडे झिरपत राहतात आणि आतल्या कातडीतून रक्तात जातात. त्यातलं एक इस्ट्रोजेन, रोज साधारण १५ मायक्रोग्रॅम. माला-एनच्या गोळीत ते ३० असतं, म्हणजे रिंगमध्ये निम्मंच.

आता पिशवीच्या आतलं अस्तर हे या दोन हार्मोनच्या आधारावर टिकून असतं. रिंग सुरू केली की ते अस्तर पातळ व्हायला लागतं (पाळी कमी जाते ती त्याचमुळे), पण अंगाला नवीन हिशोबाची सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात, तोपर्यंत हे पातळ अस्तर मधूनच कुठंतरी सुटतं आणि तपकिरी, चहाच्या गाळासारखे किंवा फिक्कट गुलाबी डाग पडतात. आजार नाही हा. एक सांगते, रिंगमधलं औषध रात्रंदिवस सारखं येत राहतं, गोळीसारखं सकाळी चढलं अन् रात्री उतरलं असं होत नाही, म्हणून इस्ट्रोजेन निम्मं असूनही रिंगवाल्या बायांना गोळीवाल्यांपेक्षा मधले डाग कमीच पडतात. पण कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे.

आणि मोकळ्या आठवड्यात जे येतं ती खरी पाळी नाहीच, ते हार्मोन थांबल्यामुळे येणारं रक्त. रिंग काढल्यावर साधारण दोन-तीन दिवसांनी सुरू होतं. काही जणींचं नवीन रिंग घालायच्या दिवशीही चालूच असतं, तरी रिंग ठरल्या दिवशी घालायचीच. "रक्त थांबू द्या मग घालते" असं म्हणणाऱ्या बाया मी पाहिल्यात. मोकळा आठवडा सात दिवसांच्या वर गेला की बीज सुटायची शक्यता वाढते, आणि रिंगवर असताना दिवस राहायचा धोका सगळ्यात जास्त इथंच असतो, मधल्या डागांत नाही.

मग करायचं काय

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, कालनिर्णय असो की बँकेचं. रिंग घातली तो दिवस गोल करा, वेळ लिहा. तीन आठवड्यांनी तोच वार, जमलं तर तीच वेळ, तो काढायचा दिवस, आणि त्याच्यापुढच्या आठवड्याचा तोच वार नवीन घालायचा. सोमवारी घातली तर सोमवारी काढायची, सोमवारीच घालायची, एवढं सोपं. मग रोज संध्याकाळी फक्त एक खूण. काही नाही तर रिकामं. पॅड लागत नाही एवढा डाग असेल तर टिंब. पॅड लागला तर फुली. आणि रिंग बाहेर आली, औषध घेतलं, जुलाब-ताप आला, असं काही झालं तर बाजूला दोन शब्द.

हे फालतू वाटेल पण मी सांगते, दवाखान्यात आलेल्या बाईला "कधीपासून डाग पडतात" विचारलं तर "लय दिवस झाले जी" असं उत्तर येतं, आणि लय दिवस म्हणजे कधी चार, कधी चाळीस. कॅलेंडर आणलं की डॉक्टर मॅडमला दोन मिनिटांत कळतं.

डाग दिसला की स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या, याच क्रमानं. रिंग सुरू करून किती महिने झाले? रिंग आतच आहे का, आणि मधे कधी बाहेर आली होती का? आणि हल्ली दुसरं कोणतं औषध सुरू केलंय का? बहुतेक डागांचं उत्तर या तिघांतच सापडतं.

एकीचं कॅलेंडर

नाव नाही सांगत, गाव पण नाही. वय २६, एक पोरगी तीन वर्षांची, नवरा ड्रायव्हर, ही स्वतः मजुरीनं कापूस वेचायला जाते. रोज गोळी घ्यायचं ध्यानात राहत नव्हतं म्हणून नागपूरच्या बहिणीच्या सांगण्यावरून आणि तिथल्याच डॉक्टरला दाखवून रिंग आणली. पाळीच्या पहिल्याच दिवशी घातली, सोमवार, ३ नोव्हेंबर. पाळीच्या पहिल्या दिवशी घातली तर लगेच काम सुरू होतं, दुसऱ्या ते पाचव्या दिवशी घातली तर पहिले सात दिवस निरोध सोबत वापरायचा, हे तिला सांगितलेलं होतं.

११ नोव्हेंबरला पहिलं टिंब. १५ पर्यंत रोज टिंब, तपकिरी, पॅड लागला नाही. सासू म्हणाली, काढून फेक ते, अंगात गरमी करते. ही माझ्याकडे आली. मी विचारलं, रिंग आहे का आत? म्हणाली काय माहीत. मग तिला पडद्यामागे पाठवून हात स्वच्छ धुऊन बोट घालून बघायला सांगितलं, कडं लागलं बोटाला. रिंग आत, पहिलाच महिना, दुसरं औषध नाही, दुखणं नाही, ताप नाही. मी सांगितलं काहीच करू नको, टिंब मारत राहा. १६ तारखेपासून कॅलेंडर रिकामं. २४ ला काढली, २६ ला रक्त आलं, चार फुल्या, १ डिसेंबरला नवीन रिंग. इथपर्यंत सगळं पुस्तकासारखं.

दुसऱ्या महिन्यात मात्र वेगळं झालं. १२ डिसेंबरपासून तीन फुल्या लागोपाठ, म्हणजे डाग नाही, पॅड लागेल एवढं रक्त. परत आली, या वेळी खरंच घाबरलेली. मी कॅलेंडर बघितलं तर १० तारखेला बाजूला लिहिलेलं, "रिंग पडली". मग सगळं निघालं. तिला बद्धकोष्ठ होतं, सकाळी सहाला संडासात जोर लावला, मग दिवसभर शेतात वाकून वेचणी, रात्री नऊला आंघोळ करताना ओढणीसारखी लोंबली आणि हातात आली. म्हणजे ती मधे कधीतरी खाली सरकली होती, नेमकी कधी ते कळत नाही. तिनं धुतली, परत घातली, झोपली. गरम पाण्यानं धुतली का विचारलं, नाही म्हणाली, नळाच्या पाण्यानं. बरं केलं. थंड किंवा कोमट पाणी, साबण नाही, गरम पाणी नाही.

आता हे १२ तारखेचं रक्त कुठून आलं? दिवसभर हार्मोन नीट मिळालं नाही, पातळी घसरली, अस्तराचा आधार गेला, एक-दोन दिवसांनी ते सुटलं. नोव्हेंबरचे डाग सवयीचे होते, डिसेंबरचं रक्त कारणाचं. दिसायला दोन्ही रक्तच, पण पहिल्यात काहीच करायचं नव्हतं आणि दुसऱ्यात करायचं होतं.

नियम असा आहे. रिंग तीन तासांच्या आत परत घातली तर काही बिघडत नाही, पुढं चालू. तीन तासांच्या वर बाहेर राहिली, किंवा किती वेळ होती तेच कळत नाही, तर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात असाल तर धुऊन परत घाला आणि पुढचे सात दिवस निरोध वापरा. हिची दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट, त्याआधी सलग नऊ दिवस रिंग नीट बसलेली होती, म्हणून मागच्या संबंधांची फार चिंता नव्हती, पण १० तारखेपासून सात दिवस निरोध पाहिजे होता आणि तो तिनं वापरला नाही, कारण तिला कोणी ते सांगितलंच नव्हतं. मग उरलेल्या दिवसांसाठी आशाताईकडून निरोध घ्यायला लावले आणि सांगितलं की या महिन्यात रिंग काढल्यावर रक्त आलं तरी जानेवारीच्या सुरुवातीला निश्चय किटनं एकदा तपासून घे. २२ ला काढली, २५ ला रक्त आलं, २९ ला नवीन घातली, टेस्ट निगेटिव्ह आली.

हेच पहिल्या आठवड्यात झालं असतं आणि मधे संबंध आले असते तर मी तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं असतं, कारण नुकताच मोकळा आठवडा संपलेला असतो, त्यात रिंगही बाहेर, म्हणजे खाडा लांबला. ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी लागते का ते तेव्हा ठरवावं लागतं, आणि ती जेवढी लवकर तेवढी बरी. तिसऱ्या आठवड्यात बाहेर राहिली तर ती रिंग फेकून द्यायची, आणि एकतर तिथंच नवीन रिंग घालून नवे तीन आठवडे सुरू करायचे (रक्त येणार नाही किंवा मधेमधे डाग पडतील), नाहीतर मोकळा आठवडा आत्ताच सुरू करायचा आणि बाहेर आल्या दिवसापासून सात दिवसांच्या आत नवीन घालायची. हा दुसरा रस्ता फक्त तेव्हाच, जेव्हा आधीचे सात दिवस रिंग सलग आत होती. कोणताही रस्ता घ्या, नवीन रिंग सात दिवस होईपर्यंत निरोध ठेवा.

बद्धकोष्ठाचं बोलायचं राहिलं. रिंग पडायची कारणं शोधली तर संडासात जोर लावणं हे नेहमीचं, संबंधाच्या वेळी, आणि हल्ली शहरात शिकणाऱ्या पोरी कप वापरतात तर कप ओढताना रिंग सोबत निघते. संडासला जोर लावावा लागत असेल तर नंतर बोटानं एकदा बघून घ्या. बाळंतपणात अंग खाली आलेलं असेल, म्हणजे पिशवी किंवा लघवीची जागा खाली सरकते असं वाटत असेल, तर रिंग वारंवारच पडेल, अशा बाईनं रिंगच्या मागे लागू नये.

औषधांचं, आणि हे विदर्भात खास बघा

तिसऱ्या प्रश्नाकडे बाया दुर्लक्ष करतात. रिंग आत आहे, चार-पाच महिने झालेत, कधी पडली नाही, आणि आता अचानक डाग. अशा वेळी मी पहिलं विचारते, घरात कोणाला टीबी आहे का, तुला गोळ्या चालू आहेत का? टीबीच्या गोळ्यांमधलं रिफॅम्पिसिन लिव्हरला इतकं कामाला लावतं की रिंगचं हार्मोन रक्तात टिकतच नाही. डाग ही तेव्हा नुसती कटकट नसते, ती खूण असते की औषध पोचत नाहीये आणि दिवस राहू शकतात. रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही हा परिणाम साधारण चार आठवडे राहतो. फिट्सच्या काही गोळ्या, म्हणजे कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, त्यांचंही तसंच. आणि एक कोणाच्या लक्षात येत नाही ते नायट्याचं औषध, ग्रिसिओफुल्व्हिन. आपल्याकडे नायटा घरोघरी आहे, मेडिकलवाला पट्टी देतो, महिना-दोन महिने खायची असते, आणि बाई विचारही करत नाही की याचा रिंगशी काही संबंध असेल.

यातलं काही सुरू असेल तर रिंग-पॅच-गोळी तिन्हींचा भरवसा ठेवू नका. आणि उलटंही करू नका, म्हणजे रिंगसाठी टीबीची गोळी सोडायची नाही! तांबी किंवा अंतरा इंजेक्शन यांना रिफॅम्पिसिनचा फरक पडत नाही, दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, डॉक्टरशी बोलून तिकडे वळा. सर्दी-खोकल्याला मिळणाऱ्या साध्या अँटिबायोटिकनं, अमॉक्सिसिलिन वगैरे, रिंगचं काम कमी होत नाही, ती भीती काढून टाका.

पांढरं जाण्याचं

रिंग घातल्यावर पांढरं किंवा पाण्यासारखं थोडं जास्त जातं, हे खरं आहे. आत एक वस्तू आहे, त्यातून इस्ट्रोजेन तिथंच सुटतंय, तर ओलावा वाढणारच. हे पांढरं पातळ किंवा थोडं दुधाळ असतं, घाण वास नाही, खाज नाही, आग नाही. चड्डीवर वाळल्यावर फिक्कट पिवळं दिसतं, त्याला घाबरायचं काम नाही. एक बदल मात्र बायांच्या लवकर लक्षात येतो. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं, ताणलं तर तार निघेल असं जे जायचं ते बंद होतं. ते बीज सुटायच्या वेळचं असतं, आणि रिंगनं बीजच सुटत नाही, शिवाय पिशवीच्या तोंडाशी चिकट घट्ट बुच बसतं, तर ते दिसणार कुठून.

आता बिघडलेलं कसं ओळखायचं. दह्याच्या चोथ्यासारखं, सोबत मरणाची खाज, लघवीला आग, तर ते बुरशीचं. राखाडी-पातळ आणि मासळीसारखा वास, संबंधानंतर तो वास जास्त, तर आतल्या जंतूंचं संतुलन बिघडलेलं. हिरवट, फेसाळ, घाण वास, तर हा संबंधातून आलेला संसर्ग असू शकतो आणि नवऱ्यालाही औषध लागतं, त्याला न सांगता एकटीनं औषध खाल्लं तर महिन्याभरात परत तेच. रंग-वासावरून अंदाजच येतो, खरं ते तपासल्याशिवाय नाही, म्हणून मेडिकलमधून आंधळेपणानं "पांढऱ्या पाण्याची किट" घेऊ नका.

आमच्या त्याच बाईला जानेवारीत खाज सुटली. डिसेंबरच्या शेवटी घसा धरला म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक घेतलेलं होतं, बाजूला लिहिलेलंही होतं. अँटिबायोटिकनं आतले चांगले जंतू मरतात आणि बुरशी माजते, रिंगचा यात दोष नव्हता. मॅडमनं बघून आत ठेवायची गोळी दिली, क्लोट्रिमॅझोलची. तिनं विचारलं, रिंग काढू का? काढायची गरज नसते, पण आत ठेवायची औषधं चालू असताना रिंग तुटल्याच्या तक्रारी झालेल्या आहेत, म्हणून त्या दिवसांत बोटानं बघत राहा आणि काढाल तेव्हा अख्खं कडं बाहेर आलंय ना ते बघा. तुटलेली दिसली तर टाकून नवीन घाला.

आणि हात जोडून सांगते, डेटॉल, तुरटीचं पाणी, लिंबू, यातलं काही आत घालून धुऊ नका. बाहेरून साधं पाणी पुरे. आत धुतलं की चांगले जंतू जातात आणि ज्याच्यासाठी धुतलं तेच दुप्पट होतं. दुसरं म्हणजे पांढरं जातं एवढ्या कारणावर कोणी "पिशवी खराब झाली, काढून टाका" म्हणालं तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जा. आपल्या भागात तिशीच्या आत पिशवी काढून बसलेल्या बाया मी मोजल्यात, आणि सगळ्यांना तशी गरज होती असं मला वाटत नाही.

पॅच असेल तर

पॅच म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, दर आठवड्याला एक, असे तीन आठवडे, चौथा आठवडा मोकळा. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, पोटावर, कुल्ह्यावर किंवा पाठीच्या वरच्या भागात, छातीवर नाही. पॅचवर पहिल्या दोन महिन्यांत डाग गोळीपेक्षा जास्त पडतात, नंतर सारखे होतात. त्यामुळे कॅलेंडर आणि तेच तीन प्रश्न इथंही चालतात, फक्त "रिंग आत आहे का" च्या जागी "पट्टीच्या चारही कडा चिकटलेल्या आहेत का" विचारायचं.

आपल्याकडचा उन्हाळा, घाम आणि अंगाला तेल लावायची सवय, यांचं पट्टीशी जमत नाही. घाम आला म्हणून लगेच निघते असं नाही, पण तेल, पावडर, क्रीम लावलेल्या जागेवर ती नीट बसतच नाही. कोरडी, स्वच्छ जागा, हातानं दहा सेकंद दाबून धरा, आंघोळीनंतर रोज कडा बघा. कड उचलली की औषध कमी जातं आणि डाग पडतात. २४ तासांच्या आत दिसलं तर तीच दाबून बसवा, चिकटत नसेल तर नवीन लावा, बदलायचा वार तोच राहतो. त्याच्यावर सेलोटेप किंवा बँडेज लावून भागवू नका. २४ तासांच्या वर गेले किंवा कधी निघाली ते माहीत नाही, तर नवीन पट्टी लावून तिथून पहिला आठवडा मोजा आणि सात दिवस निरोध.

पॅचवर असताना पांढरं एकदम वाढलं, तर मात्र मी पॅचला फार दोष देत नाही. खालच्या जागेत काही ठेवलेलं नाही, तेव्हा संसर्ग आहे का ते आधी बघायला लावते.

रिंग कुठं ठेवायची

ही गोष्ट पाकिटावर बारीक अक्षरात असते. मेडिकलमध्ये रिंग फ्रिजमध्ये राहते, बाहेर काढली की २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार महिने चालते. आता मे महिन्यात आपल्या टिनाच्या घरात २५ अंश कुठून आणता! म्हणून उन्हाळ्यात एका वेळी एकच रिंग आणा, मेडिकलवाल्याला फ्रिजमधून काढून द्यायला सांगा, आणि घरी फ्रिज नसेल तर घालायच्या एक-दोन दिवस आधीच घ्या. एक जास्तीची मात्र कोणाच्या तरी फ्रिजमध्ये असू द्या, कारण पडलेली रिंग पऱ्हाटीत सापडत नाही.

कधी थांबायचं नाही

तासाला एक पॅड भिजतोय आणि असं दोन तासांच्या वर चाललंय, किंवा मोठ्या गाठी पडताहेत, तर लगेच दवाखाना. खाली ओटीपोटात दुखतंय, ताप आणि घाण वासाचं पाणी, तर त्याच दिवशी. संबंधानंतर दरवेळी रक्त दिसतं, तर ते रिंगचं म्हणून सोडू नका, पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. तीन-चार महिने उलटूनही टिंबं थांबत नाहीत, किंवा आधी बंद झालेली परत सुरू झाली, तरी दाखवा. मोकळ्या आठवड्यात रक्त आलंच नाही आणि रिंगमध्ये काही गडबड झाली होती, तर लगेच किटनं तपासा. गडबड नसेल तर एका महिन्याचं न येणं चालतं, लागोपाठ दोन महिने नाही आलं तर तपासा.

आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, कधी नव्हे असं डोकं फुटणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यात डागांचा विचार बाजूला ठेवून रिंग काढा, पॅच उपटा आणि मोठ्या दवाखान्यात जा, कारण रक्ताची गुठळी झाली असू शकते. सिकलसेलचा आजार असेल, ३५ च्या वर वय आणि बिडी-सिगरेट चालू असेल, बीपी वाढलेलं असेल, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरला हे सांगा. सिकलसेल आपल्याकडे घराघरात आहे, आणि बायांना वाटतं त्याचा रिंगशी काय संबंध, म्हणून त्या सांगतच नाहीत.

त्या बाईनं मार्चमध्ये कॅलेंडर दाखवलं तेव्हा जानेवारीत एक टिंब, फेब्रुवारीत काहीच नव्हतं. मोकळ्या आठवड्यात तीन फुल्या, बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं, "इसबगोल घेतो रोज, पडली नाही."